खरजेवर परमेथ्रिन मलम: अंगभर आणि घरभर, एकाच रात्री

खरजेचे निदान डॉक्टरांनी केले आहे आणि पाच टक्के परमेथ्रिनचे मलम लिहून दिले आहे, असे गृहीत धरून पुढे सांगते. आरोग्यसेविका म्हणून मी हे मलम अनेक घरांत लावून घेतले आहे. "खाज येते तिथे चोळा" हा दुकानदाराचा सल्ला आता माझ्याच्याने ऐकवत नाही, कारण खरजेचा किडा जिथे असतो तिथेच खाज येते असे नाही. ती खाज म्हणजे किडा, त्याची अंडी आणि विष्ठा यांच्याविरुद्ध त्वचेची ॲलर्जी असते आणि ती किड्यापासून दूरच्या भागातही उठते.

आधी हिशेब करावा. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम, म्हणजे एक लहान ट्यूब लागते. आईवडील, आजी, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा अशा घरात तिघा मोठ्यांच्या तीन ट्यूब आणि चौथीत दोन्ही मुले, अशा चार ट्यूब एका रात्रीला लागतात. आठवड्याने पुन्हा लावायचे असल्याने एकूण आठ आणाव्यात. एका ट्यूबमध्ये सगळे घर भागवणारे कुटुंब महिन्याभराने पुन्हा दवाखान्यात येते.

मलम रात्री लावावे. त्याआधी गरम पाण्याने आंघोळ करू नये. अंग कोरडे आणि थंड असावे.

खरी चूक लावतानाच होते आणि ती मीही केली आहे. माझ्या मुलाला मी दोनदा मलम लावले, दोन्ही वेळा पुरळ परत आले. तिसऱ्या वेळी लक्षात आले की मी फोडांवर ठिपके देत होते आणि उरलेले अंग मोकळेच राहत होते. मलम मानेपासून तळपायापर्यंत, फोड असो वा नसो, प्रत्येक इंचावर पातळ थरात लावायचे असते. बोटांच्या बेचक्या, मनगटाची आतली बाजू, काखा, बेंबी, कंबरपट्टा, स्तनांखालची घडी, जांघा, गुप्तांग, नितंबांमधली फट, पायांच्या बोटांमधली जागा आणि तळवे सहज सुटतात. लाजेमुळे गुप्तांग तर हमखास राहते, पुरुषांच्या बाबतीत विशेषच. पाठीला दुसऱ्याचा हात लागतोच, तिथे संकोच करू नये. नखे कापून त्यांच्याखाली जुन्या मऊ ब्रशने मलम घालावे आणि तो ब्रश टाकून द्यावा. लहान मुले आणि वृद्ध यांच्या डोक्याला, कानांमागे व चेहऱ्यालाही लावावे, मात्र डोळे आणि तोंड टाळावे. दोन महिन्यांखालचे बाळ, गर्भवती किंवा स्तनदा माता यांच्याबाबत डॉक्टरांना आधी विचारावे. फोडांत पू असेल तर त्याचा उपचारही त्यांच्याकडूनच घ्यावा.

मलम ८ ते १४ तास अंगावर राहिले पाहिजे. रात्री नऊला लावले तर सकाळी सातला धुता येते. मध्ये भांडी घासली किंवा शौचाला जाऊन हात धुतले तर हातांना पुन्हा लावावे. हातांवर किडे सर्वाधिक असतात आणि नेमके तेच सतत धुतले जातात. बोटे चोखणाऱ्या मुलाच्या हातांवर मोजे घालावेत.

आता घरभर म्हणजे काय ते. माझ्या मुलाच्या वेळी सासूबाई म्हणाल्या, "मला काही होत नाही, माझी ट्यूब वाया घालवू नकोस." मी त्यांचे ऐकले, ही माझी दुसरी चूक. पहिल्यांदा लागण झालेल्या माणसाला चार ते सहा आठवडे खाज येतच नाही, पण तेवढ्या काळात तो इतरांना खरूज देत राहतो, आणि मुलगा तर रोज त्यांच्याच कुशीत झोपत होता. म्हणून एका छपराखाली राहणाऱ्या प्रत्येकाने, शिवाय त्या महिन्यात अंथरुणात झोपून गेलेल्या पाहुण्यानेही, त्याच रात्री लावावे. आज मुलांना आणि रविवारी मोठ्यांना, असे केले की किडा एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाऊन बसतो.

सकाळी गेल्या तीन दिवसांतले कपडे, चादरी, पंचे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. धुता न येणारी गोधडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवावी. माणसाच्या अंगाशिवाय किडा साधारण दोन-तीन दिवसच जगतो.

सात दिवसांनी सगळ्यांनी हेच पुन्हा करावे, कारण पहिल्या रात्री वाचलेल्या अंड्यांतून तोवर पिल्ले बाहेर आलेली असतात. त्यानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते. मेलेल्या किड्यांची ॲलर्जी ओसरायला तेवढा वेळ लागतो. तेवढ्यासाठी रोज मलम चोपडत बसू नये, त्याने कातडी कोरडी पडून खाज वाढतेच, आणि दुकानातून स्टेरॉइडचे मिश्र मलम तर मुळीच आणू नये, कारण त्याने पुरळ दबते आणि किडा राहतो. चार आठवड्यांनंतरही खाज थांबली नाही, किंवा त्याआधी बेचक्यांत नव्या बारीक रेषा व फोड दिसू लागले, तर डॉक्टरांकडे जाताना कोणी लावले, कोणी नाही आणि किती ट्यूब संपल्या, हे लिहून न्यावे.