उजेडाच्या खोलीत ओएलईडी: माझा अनुभव

आमच्या दिवाणखान्यात टीव्हीसमोरच मोठी खिडकी आहे. नवा ओएलईडी रात्री अप्रतिम दिसायचा, पण दुपारी अंधारातल्या दृश्यांत पात्रांऐवजी खिडकीच दिसायची. ब्राइटनेस पूर्ण वाढवूनही फरक पडेना.

मग दुपारी टीव्ही बंद करून मी नेहमीच्या जागी बसलो. काळ्या पडद्यावर खिडकीची चौकट स्पष्ट उमटली होती. दोष पॅनेलचा नव्हताच.

ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः प्रकाश देतो आणि बंद झाला की पूर्ण काळा होतो. साध्या एलईडी टीव्हीत एलसीडी पडद्यामागे दिवे असतात. त्यांचा थोडा प्रकाश झिरपतो, म्हणून काळा रंग करडा वाटतो. पण हा फरक अंधारातच जाणवतो. निट हे उजळपणाचं एकक. समजा, पडद्यावरून ५ निट प्रकाश परावर्तित होतोय. मग दोन्हींचा काळा किमान ५ निटचाच. उरतो प्रश्न उजळपणाचा, आणि बर्फासारखं दृश्य पडदाभर आलं की ओएलईडी वीज आणि उष्णता आवरण्यासाठी स्वतःहून मंद होतो. पांढरा १५० निटवर आला, तर कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्याच्या उजळपणाचं गुणोत्तर, सुमारे ३०:१ उरतो. मिनी-एलईडी म्हणजे पडद्यामागे अनेक बारीक दिवे असलेला एलसीडी टीव्ही. ६०० निट टिकवणाऱ्या अशा टीव्हीवर सुमारे १२०:१.

आधी टीव्ही खिडकीच्या काटकोनातल्या भिंतीवर नेला. प्रतिबिंब जवळजवळ गेलं, तरी पडदाभर पांढरी दृश्यं दुपारी फिकीच. शेवटी ओएलईडी झोपायच्या खोलीत गेला आणि इथे मॅट पडद्याचा मिनी-एलईडी आला. बाजूला बसणाऱ्याला मात्र त्याचे रंग थोडे उडालेले दिसतात.