मैत्रिणीचं मिसकॅरेज झालंय? बोलताना या चुका टाळा

इंदूरमधल्या माझ्या एका मैत्रिणीचं जानेवारीच्या सुरुवातीला मिसकॅरेज झालं. दहावा आठवडा होता. सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत आणि पिशवी साफ करावी लागली. पुढच्या आठवडाभरात तिला खूप फोन आले, सगळे मायेचेच. पण नंतर तिने मला सांगितलं, की त्यातल्या बहुतेक फोननंतर तिला आधीपेक्षा जास्त रडू आलं होतं.

सगळ्यात जास्त इजा होते ती कारण शोधण्यामुळे. "स्कूटीवर ऑफिसला जात होतीस ना?", "पपई खाल्लीस का?", "जिने चढत होतीस, मी तेव्हाच म्हटलं होतं." विचारणारीला ही काळजी वाटते, पण ऐकणारीला तो आरोप वाटतो, कारण रात्रभर ती स्वतःच हे हिशेब मांडत असते. वस्तुस्थिती अशी, की पहिल्या तीन महिन्यांतली निम्म्याच्या आसपास मिसकॅरेज गर्भातल्या गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात. हा दोष बहुधा गर्भ तयार होतानाच योगायोगाने आलेला असतो. रोजची कामं, ऑफिस, जिने यांनी तो येत नाही. पण हेसुद्धा तिला लगेच समजावायला जाऊ नका. ती स्वतः म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलं," तरच सांगा: "नाही गं, तुझ्यामुळे नाही झालं." बास. पुढे वैद्यकीय व्याख्यान नको.

दुसरी चूक म्हणजे घाईने दिलेला दिलासा. "अजून वय आहे", "लवकर गेलं ते बरं", "निदान राहतं तरी हे कळलं." अशा वाक्यांनी तिचं दुःख लहान ठरतं. मूल राहावं म्हणून वर्षानुवर्षं उपचार घेणाऱ्या मैत्रिणीला "टेन्शन सोड, आपोआप राहील" म्हणणंही तसंच. आयव्हीएफमध्ये गर्भ सोडल्यावर रक्ततपासणीपर्यंत साधारण दोन आठवडे थांबावं लागतं. त्या काळात "काय झालं?" असं विचारू नका. निकाल सांगायचा असेल तेव्हा ती सांगेल.

मग लिहायचं काय? मला उपयोगी पडलेला मेसेज एवढाच होता: "कळलं गं. फार वाईट वाटलं. उत्तर देऊ नकोस, मी आहे." यात प्रश्न नाही, म्हणून तिच्यावर उत्तराचं ओझंही नाही. "काही लागलं तर सांग" हेही टाळा, कारण मग काय मागायचं हे तिलाच ठरवावं लागतं. त्यापेक्षा "उद्या सातला वरण-भात आणि भाजीचा डबा दाराशी ठेवते, आत येणार नाही" असं कळवा आणि खरंच आत जाऊ नका. रक्तस्राव आठवडा-दोन आठवडे चालू शकतो, अंगात त्राण नसतं. तासाला दोन मोठे पॅड भिजत असतील, ताप किंवा घाण वास येत असेल, तर मात्र गप्प बसायचं नाही, लगेच डॉक्टरकडे न्यायचं. ती नोकरी करत असेल तर आणखी एक गोष्ट तिच्या नवऱ्याला सांगून ठेवा: मातृत्व लाभाच्या कायद्यात मिसकॅरेजनंतर 6 आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद आहे. त्यासाठी डॉक्टरांचे कागद लागतात. त्याच फोनवर तो स्वतः कसा आहे, हेही विचारा. त्याला ते कुणी विचारत नाही.

आमच्याकडे खरी पंचाईत झाली हळदीकुंकवाची. संक्रांत ते रथसप्तमी घरोघरी आमंत्रणं, आणि तिथे "काय, गोड बातमी कधी?" हा प्रश्न ठरलेलाच. ओळखीतल्या काहीजणींनी तिला बोलावलंच नाही. त्यांना वाटलं, तिला त्रास नको. तिला वाटलं, आपण आता अशुभ ठरलो. म्हणून तिच्यासाठी परस्पर ठरवू नका. ग्रुपवरच्या आमंत्रणावर न सोडता एकटीला लिहा: "शनिवारी हळदीकुंकू आहे. यावंसं वाटलं तर ये, नाही आलीस तरी वाण घरी पोचवते." डोहाळजेवणाचंही असंच सांगावं. आली, तर तिच्याजवळ बसा आणि तो प्रश्न आला की विषय तुम्ही बदला.

तुमच्याकडून चुकीचं बोलून गेलं असेल, तर ते कळतं. लांब उत्तरं देणारी मैत्रीण "हं", "ठीक" एवढ्यावर येते, भेट पुढे ढकलते. अशा वेळी सविस्तर माफीनामा लिहू नका, कारण मग तिलाच तुमची समजूत काढावी लागते. "परवा मी वयाचं बोलले, ते बोलायला नको होतं. सॉरी." एवढं पुरतं.

पंधरा दिवसांनी सगळे थांबतात, आणि ही चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. दहाव्या आठवड्यात गेलेल्या बाळाची प्रसूतीची तारीख त्यानंतर सुमारे सात महिन्यांनी येते, म्हणजे माझ्या मैत्रिणीची जुलैअखेरीस. तारीख तुम्हाला माहीत असेल तर ती लिहून ठेवा आणि त्या दिवशी सकाळी कळवा: "आज तुझी आठवण आहे. संध्याकाळी मोकळी आहे, भेटायचं तर भेटू." उत्तर आलं नाही, तर दुसऱ्यांदा विचारू नका. पुढच्या आठवड्यात नेहमीसारखा फोन करा.