आखाजीनंतरच्या लग्नासाठी शेअर विकायचेत? आधी तारखांची तयारी करा

खान्देशात लग्नसराई आली की घरातली जुनी कागदं बाहेर निघतात. पोस्टाच्या पावत्या, बँकेच्या एफडी आणि हल्ली डिमॅटचं स्टेटमेंटसुद्धा. अमळनेरला तर ही सवय जुनीच आहे. 1945 साली वनस्पती तूप आणि तेलाची जी कंपनी तिथे निघाली, तीच पुढे विप्रो झाली आणि तिचे शेअर गावातल्या कितीतरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या पडून राहिले. म्हणून ही यादी जुने शेअर असलेल्या घरांसाठी लिहितो आहे. रोज घेणाऱ्या-विकणाऱ्यांचा हिशेब वेगळा असतो, त्यात मी शिरत नाही.

सगळ्यात आधी भाव बघायचा मोह आवरा आणि तारीख बघा. बाजारात नोंदलेल्या कंपनीचा शेअर बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवून विकला तर नफा दीर्घ मुदतीचा. बारा महिने किंवा त्याहून कमी ठेवला तर अल्प मुदतीचा. 23 जुलै 2024 पासून अल्प मुदतीच्या नफ्यावर 20 टक्के कर आहे आणि दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के. त्यातही दीर्घ मुदतीच्या नफ्यातला आर्थिक वर्षाला सव्वा लाख रुपयांपर्यंतचा भाग करमुक्त. अल्प मुदतीला अशी सूट नाही, तिथे पहिल्या रुपयापासून कर. दोन्हींवर वर 4 टक्के सेस. म्हणजे मुदतीचा फरक नुसता साडेसात टक्क्यांचा नाही, सव्वा लाखाची सूटही त्याच तारखेवर लटकलेली आहे.

असा भेद का? थोडे दिवस शेअर धरून विकणं सरकार व्यापाराच्या जवळचं मानतं. वर्षानुवर्षं पैसा कंपनीत ठेवणाऱ्याला मात्र सवलत द्यायची, कारण त्याच्या नफ्यातला काही भाग निव्वळ महागाईचा असतो आणि असा टिकून राहणारा पैसा बाजाराला हवाही असतो. शेअरच्या खरेदी किमतीत महागाईची वाढ धरायला मिळत नाही, ती कसर कमी दराने भरून काढली आहे असं समजा. ऑक्टोबर 2004 पासून मार्च 2018 पर्यंत तर बाजारात विकलेल्या शेअरचा दीर्घ मुदतीचा नफा पूर्ण करमुक्त होता. 2018 च्या अर्थसंकल्पाने तो पुन्हा कराखाली आणला. ते करताना 31 जानेवारी 2018 पर्यंत झालेला नफा मात्र सोडून दिला. ही तारीख कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

आता एक हिशेब धरू. आकडे समजुतीचे आहेत, पण अशी घरं मी पाहिली आहेत. आबा अमळनेरचे निवृत्त शिक्षक, वय 66, पेन्शन वर्षाला सहा लाख. 2016 साली त्यांनी एका कंपनीचे 1,000 शेअर 180 रुपयांनी घेतले. 8 डिसेंबर 2025 ला कंपनीने एकास एक बोनसचं वाटप केलं, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट, एकूण 2,000. मार्च 2026 मध्ये भाव 600 रुपये. नातीचं लग्न आखाजीनंतर, नऊ लाख हवेत, म्हणून 1,500 शेअर विकायचं ठरलं.

आबांना वाटत होतं की शेअर दहा वर्षांचे आहेत, तेव्हा सगळं दीर्घ मुदतीचंच. तसं नाही. बोनस शेअरची मुदत मूळ शेअरच्या तारखेपासून मोजत नाहीत, बोनसचं वाटप झालं त्या दिवसापासून मोजतात. केळीच्या पिलबागेसारखं आहे ते: खोड जुनं असलं तरी पिलाचे महिने पील ठेवल्यापासूनच धरायचे. आणि बोनसची खरेदी किंमत शून्य धरतात, त्यामुळे विकून आलेला जवळपास सगळा पैसा नफाच ठरतो. (शेअरचे नुसते तुकडे झाले, दर्शनी किंमत दहाची दोन झाली, तर मात्र जुनीच तारीख चालते. बोनस आणि विभाजन यांची लोक फार गल्लत करतात.)

दुसरी गोष्ट म्हणजे, कोणते शेअर विकले हे आपण ठरवत नाही. डिमॅट खात्यात जे आधी आले ते आधी विकले गेले असं धरलं जातं. आबांनी 1,500 विकले तर पहिले 1,000 जुने गेले आणि नंतरचे 500 बोनसमधले. आबांच्या बाबतीत हा नियम सोयीचा आहे. पण जुन्या कंपनीचे शेअर त्याच खात्यात अधूनमधून घेत-विकत असाल, तर कालचे विकतोय असं वाटतं आणि प्रत्यक्षात वीस वर्षांपूर्वीचे जातात. हा क्रम खातेनिहाय लागतो. म्हणून जुन्या ठेवीसाठी एक आणि नव्या खरेदीसाठी दुसरं डिमॅट ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं.

आता जुन्या हजार शेअरची किंमत. 31 जानेवारी 2018 पर्यंत घेतलेल्या शेअरला त्या दिवशीचा बाजारातला सर्वांत वरचा भाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो. अट इतकीच की तो विक्रीच्या भावापेक्षा जास्त धरायचा नाही, आणि आपली खरी खरेदी त्याहून महाग असेल तर खरीच धरायची. समजा त्या दिवशीचा वरचा भाव 300 होता. मग नफा 180 पासून नाही, 300 पासून मोजायचा: शेअरमागे 300, हजार शेअरवर तीन लाख.

इथेच एक खड्डा आहे. मोबाइलवरच्या आलेखात 31 जानेवारी 2018 चा भाव बघाल तर 300 दिसणार नाही, 150 दिसेल, कारण नंतरच्या बोनसमुळे आलेख मागचे भाव निम्मे करून दाखवतो. करासाठी मूळ शेअरला त्या दिवशीचा प्रत्यक्ष भावच चालतो, बोनसची किंमत शून्य धरून तो हिशेब आधीच झालेला असतो. आबांनी 150 धरले असते तर नफा साडेचार लाख दिसला असता आणि 19,500 रुपये कर फुकट गेला असता. म्हणून एक्सचेंजच्या संकेतस्थळावरून त्या दिवसाचा मूळ भाव काढून घ्या. विभाजन झालेलं असेल तरच तो भाव भागायचा. विप्रोवाल्यांनी तर हे नीट बघावं. जून 2017 चा बोनस त्या तारखेच्या आधीचा, म्हणून त्याला त्या दिवशीचा भाव मिळतो. मार्च 2019 आणि डिसेंबर 2024 चे बोनस नंतरचे, त्यांची किंमत शून्य.

एकदम विकलं तर आबांचं काय होतं ते बघू. जुन्या शेअरवर तीन लाख दीर्घ मुदतीचा नफा, त्यातून सव्वा लाख वजा, उरलेल्या पावणेदोन लाखांवर साडेबारा टक्के आणि सेस मिळून 22,750 रुपये. बोनसच्या 500 शेअरचे तीन लाख पूर्ण अल्प मुदतीचे, त्यावर 20 टक्के आणि सेस मिळून 62,400. एकूण 85,150.

आबांनी विचारलं, "अरे, पण बारा लाखांपर्यंत कर नाही म्हणतात ना?" नव्या कर पद्धतीत पेन्शनवर तो लागत नाही, हे खरं. पण ती सूट या खास दराच्या नफ्याला मिळत नाही. एकूण उत्पन्न बारा लाखांच्या आत असूनही शेअरच्या नफ्यावर कर निघतो, आणि रिटर्न भरताना आकडा बघून माणसं चक्रावतात.

मग उपाय काय? बोनसचे 500 शेअर थांबवायचे. लग्नाला कमी पडणारे तीन लाख एफडी मोडून किंवा तिच्यावर कर्ज काढून भागवायचे, आणि ते शेअर 9 डिसेंबर 2026 नंतर विकायचे. 8 डिसेंबरला नको, कारण बारा महिन्यांपेक्षा 'जास्त' असं कायदा म्हणतो. एखादा दिवस पुढे गेलेला बरा. दिवस मोजायचा तो सौद्याचा, म्हणजे ब्रोकरच्या काँट्रॅक्ट नोटवरचा. पैसे दुसऱ्या दिवशी जमा होतात, ती तारीख धरायची नाही. भाव तोच राहिला तर तेव्हा हाच तीन लाखांचा नफा दीर्घ मुदतीचा होतो. नवं आर्थिक वर्ष असल्याने सव्वा लाखाची सूट पुन्हा मिळते आणि कर 22,750. दोन्ही मिळून 45,500, म्हणजे 39,650 वाचले.

पण यात एक 'जर' आहे, भाव तोच राहिला तर. डिसेंबरपर्यंत शेअर 600 वरून 500 च्या खाली आला तर 500 शेअरमागे पन्नास हजारांहून जास्त गेले आणि वाचलेला कर त्यात बुडाला. माझं मत विचाराल तर मुदत संपायला महिना-दोन महिने उरले असतील तर थांबावं. नऊ महिने उरले असतील तर आधी कंपनी ठेवण्यासारखी आहे का ते बघावं, मग कर.

जुने हजार शेअरही निम्मे मार्चमध्ये, निम्मे एप्रिलमध्ये विकले तर दोन वर्षांच्या दोन सूट मिळतात. पण डिसेंबरमध्ये बोनस विकायचाच असेल तर एप्रिलमध्ये वापरलेली सूट तेव्हा उरत नाही, आणि बेरीज तीच 45,500 येते. बोनस विकायचा नसेल तरच हा मार्ग धरा.

वडिलोपार्जित शेअर असतील तर मुदत वडिलांनी घेतले त्या दिवसापासून मोजली जाते आणि किंमतही त्यांचीच धरायची. आपल्या नावावर आले तो दिवस नाही. ब्रोकरच्या नफा-तोटा अहवालात मात्र बहुधा नावावर आल्याची तारीख किंवा खरेदी शून्य असं छापलेलं असतं. तेच आकडे रिटर्नमध्ये उतरवले की दहा वर्षांचा शेअर दहा महिन्यांचा होतो. म्हणून मूळ काँट्रॅक्ट नोट, बोनसची पत्रं, वारसाचे कागद एका फायलीत लावा आणि ब्रोकरचा अहवाल त्यांच्याशी एकेक ओळ ताडून बघा.

एखाद्या शेअरमध्ये तोटा असेल तर तोही याच वर्षी बघून घ्या. अल्प मुदतीचा तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो, दीर्घ मुदतीचा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून. उरलेला तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं तरच.

आबांना आगाऊ कर भरायची घाई नाही, साठीच्या पुढच्या आणि धंदा नसलेल्या माणसाला ती अट नाही. हेच शेअर मुलाच्या नावावर असते आणि 15 मार्चनंतर विकले असते तर 31 मार्चच्या आत भरावा लागला असता. फॉर्म मात्र आबांनाही बदलावा लागेल. नेहमीचा पहिला फॉर्म चालणार नाही, ITR-2 लागेल, आणि त्यात 31 जानेवारी 2018 पर्यंत घेतलेले शेअर कंपनीनिहाय लिहावे लागतील. म्हणून तो 31 जानेवारीचा भाव लिहिलेला कागद फायलीत सर्वांत वर ठेवा.