वेतनकरार करताना: पगाराचा आकडा आणि पाळीची मिनिटं एकाच हिशेबात कशी मांडावीत

गेटवर बातमी पोहोचते ती एका आकड्याची. "शेजारच्या कंपनीत बारा हजारांचा करार झाला!" त्या बारा हजारांतले हातात किती, कोणत्या वर्षी किती, आणि बदल्यात पाळीच्या वेळेतून काय दिलं, हे चहाच्या टपरीवर कुणी विचारत नाही. चाकण पट्ट्यातल्या सुट्या भागांच्या एका कारखान्यात मी युनियनच्या कमिटीवर होतो. दोन करार होईपर्यंत मीही विचारत नव्हतो. पगार एका बैठकीत आणि पाळी दुसऱ्या बैठकीत, अशी आम्ही स्वतःच विभागणी करून घेतली होती. व्यवस्थापनाला ती सोयीची होती.

पुढे समजुतीसाठी एक उदाहरण धरू. कारखान्यात तीनशे कायम कामगार आहेत. एकूण पगार सरासरी ३२,००० रुपये, आठवड्याचे सहा दिवस काम, दिवसाला आठ तास आणि त्याशिवाय अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी. तीन वर्षांचा करार ३१ मार्चला संपतोय.

पहिलं काम: बोलायचा हक्क कुणाला, ते पक्कं करा

हे कंटाळवाणं वाटतं, पण इथे चूक झाली तर पुढचं सगळं वाया जातं. मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला तेव्हा कामगार दत्ता सामंतांच्या मागे होते, पण कायद्याने प्रातिनिधिक संघटना राष्ट्रीय मिल मजदूर संघ होती. कामगारांनी निवडलेल्या नेत्याशी मालकांनी बोलणी करावीत, अशी सक्तीच कायद्यात नव्हती.

महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने तीस टक्के सभासद असलेल्या युनियनला औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता मिळत आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या औद्योगिक संबंध संहितेत वाटाघाटीचा एकमेव हक्क हवा असेल तर हजेरीपटावरचे ५१ टक्के कामगार सभासद लागतात. तेवढे कुणाकडेच नसतील, तर वीस टक्क्यांच्या वरच्या युनियनची मिळून वाटाघाटी परिषद होते. तेव्हा मागणीपत्राआधी वर्गणीच्या पावत्या आणि सभासद नोंदवही अद्ययावत करा. मान्यता जुनी असेल तर ते कागद आधी वकिलाला दाखवा.

मागणीपत्र: मोजता येईल तेवढंच लिहा

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन जे निवेदन दिलं, त्यावर साडेपाच हजार सह्या होत्या. त्यातल्या मागण्या आजही वाचण्यासारख्या आहेत: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार महिन्याच्या १५ तारखेच्या आत. पगार आणि वेळ एकाच कागदावर, आणि प्रत्येक मागणी घड्याळाने किंवा कॅलेंडरने तपासता येईल अशी. रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडला.

आमच्या पहिल्या मागणीपत्रात मात्र "भरीव पगारवाढ मिळावी" आणि "पाळीच्या वेळा कामगारांच्या सोयीच्या असाव्यात" अशी वाक्यं होती. एचआर मॅनेजर हसून म्हणाले, "आम्हालाही तेच वाटतं."

मागणीपत्र करार संपायच्या दोनेक महिने आधी, पोच घेऊन द्या. त्याआधी प्रत्येक खात्यातल्या जुन्या, मधल्या आणि नव्या कामगाराची प्रत्येकी एक पगारपावती गोळा करा, आणि परिसरातल्या तशाच दोन-तीन कारखान्यांचे करार मिळवा. टपरीवरचा आकडा नको, कराराची प्रत हवी. कंपनीचा ताळेबंदही कंपनी निबंधकाकडून फी भरून मिळतो. त्यात एकूण विक्रीच्या मानाने पगारावर किती खर्च होतो ते बघा. "कंपनी तोट्यात आहे" हे वाक्य त्यानंतर सहसा थोडं सौम्य होऊन येतं.

टेबलावरचा आकडा सोलून बघा

समजा, चौथ्या-पाचव्या बैठकीत व्यवस्थापन म्हणतं, "तीन वर्षांत बारा हजार, सीटीसी." हो-नाही म्हणायच्या आधी दोन प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न: वर्षांची फोड काय? ५०:२५:२५ असेल, तर पहिल्या वर्षी महिन्याला ६,०००, दुसऱ्या वर्षी ९,००० आणि तिसऱ्या वर्षी १२,००० जास्त मिळतील. छत्तीस महिन्यांची बेरीज ३,२४,००० रुपये होते. हेच बारा हजार ७०:१५:१५ असे फोडले, तर ८,४००, १०,२०० आणि १२,००० होतात आणि बेरीज ३,६७,२०० वर जाते. आकडा तोच, फरक ४३,२०० रुपयांचा. ७५:१५:१० फोडीचे अकरा हजारसुद्धा ३,४९,८०० देतात, म्हणजे पहिल्या बारा हजारांपेक्षा जास्तच. फक्त एक लक्षात ठेवा: पुढचा करार शेवटच्या पगारावर चढतो. अकरा हजार घेतले, तर चौथ्या वर्षापासून दरमहा हजार रुपये मागे राहतात आणि आधी मिळालेला फायदा सव्वादोन वर्षांत फिटतो. निवृत्तीला आलेले कामगार जास्त असतील तर पहिलं वर्ष जड करा, पोरं तरुण असतील तर शेवटचा आकडा धरून ठेवा. यावर कमिटीतच भांडण होतं. ते जनरल सभेत, सगळ्यांसमोर झालेलं बरं.

दुसरा प्रश्न: पैसे कोणत्या सदरात जाणार? सीटीसी म्हणजे कंपनीला पडणारा एकूण खर्च. बारा हजार पूर्ण बेसिकमध्ये घातले आणि पीएफ पूर्ण बेसिकवर कापला जात असेल, तर कंपनीचा पीएफचा १२ टक्के हिस्सा आणि ग्रॅच्युइटीची ४.८१ टक्के तरतूद त्यातूनच जाते. बेसिक वाढतं सुमारे १०,२७०. त्यातून कामगाराचा पीएफ कापून हातात येतात नऊ हजारांच्या आसपास. ही फसवणूक नाही, पीएफ आपलाच आहे. पण सभेत "बारा हजार" सांगून टाळ्या घेतल्या असतील, तर पुढच्या पगारपावतीला उत्तर द्यावं लागतं.

म्हणून हातात जास्त यावं यासाठी सगळं भत्त्यांत टाका, असा आग्रह तरुण कामगार धरतात. त्यांना ग्रॅच्युइटीचं गणित दाखवा. ती शेवटच्या बेसिक आणि महागाई भत्त्यावर, दर वर्षाला पंधरा दिवसांची मिळते आणि महिना सव्वीस दिवसांचा धरतात. वीस वर्षं नोकरी झालेल्याच्या बेसिकमधले हजार रुपये भत्त्यात गेले, तर निवृत्तीला ११,५३८ रुपये कमी होतात. नव्या वेतन संहितेत वगळता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरतात. त्यामुळे भत्ते फुगवण्याची जुनी युक्ती आता तितकी चालत नाही.

पाळीची मिनिटं पैशात मांडा

आमच्या दुसऱ्या करारात एक ओळ होती: "पाळी बदलताना मशीन बंद राहू नये म्हणून कामगार दहा मिनिटे आधी मशीनवर हजर राहून चार्ज घेतील." आम्ही ती न बोलता मान्य केली. तेव्हा सगळं लक्ष पगाराच्या आकड्याकडे होतं.

आता उदाहरणातल्या कारखान्यावर हिशेब करा. ३२,००० भागिले २०८ तास (सव्वीस दिवस, आठ तास) म्हणजे तासाला सुमारे १५४ रुपये. रोजची दहा मिनिटं महिन्याला ४ तास २० मिनिटं होतात, वर्षाला ५२ तास, म्हणजे साडेसहा पाळ्या. आठवड्याचे ४८ तास आधीच भरलेले असल्याने वरची मिनिटं ओव्हरटाइमची, दुप्पट दराची. महिन्याला १,३३३ रुपये. ५०:२५:२५ च्या करारात पहिल्या वर्षी मिळालेल्या सहा हजारांतले तेराशे म्हणजे वाढ नव्हेच, त्या दहा मिनिटांची किंमत.

म्हणून वेळेच्या प्रत्येक प्रस्तावाला हाच तक्ता लावा. जेवणाची सुट्टी आलटून-पालटून घ्यायची? मशीन रोज अर्धा तास जास्त चालेल, मग त्या उत्पादनात कामगाराचा वाटा किती? दुसरी पाळी साडेतीन ते बारा ऐवजी चार ते साडेबारा करायची? इथे पैशापेक्षा बस महत्त्वाची. राजगुरुनगरला किंवा आळंदीला राहणाऱ्याला साडेबारानंतर घरी कसं जायचं, ते आधी विचारा. महिला कामगार असतील, तर संध्याकाळी सातनंतरच्या आणि सकाळी सहाच्या आधीच्या कामाला त्यांची संमती लागते. "कंपनी वाहनाची सोय करील" एवढं पुरत नाही. मार्ग, थांबे आणि गेटवरून गाडी सुटायची वेळ परिशिष्टात लिहून घ्या.

करार चालू असताना वेळ बदलायची झाल्यास मालकाला २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. शनिवारी बोर्डावर कागद लावून सोमवारपासून नवी पाळी, असं होत नाही. पण करारातच "उत्पादनाच्या गरजेनुसार पाळीच्या वेळा बदलण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडे राहील" अशी ओळ असेल, तर नोटिशीवर भांडताना हात बांधले जातात. ती ओळ बहुधा शेवटून दुसऱ्या पानावर असते.

बोलणी अडली तर

प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त त्याच दिवशी लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. तोंडी कबूल केलेलं पुढच्या बैठकीत कुणालाच आठवत नाही. तोडगा निघत नसेल, तर कामगार आयुक्त कार्यालयातल्या समेट अधिकाऱ्याकडे जा. नव्या संहितेत संपाआधी १४ दिवसांची नोटीस लागते, आणि समेटाची कारवाई चालू असताना संप बेकायदा ठरतो. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी एकाच दिवशी ठरवून रजा टाकली, तर तोही संपच धरला जातो. "संप नाही, नुसती रजा" हा जुना उपाय आता नोकरीवर बेतू शकतो.

सही करताना

समेट अधिकाऱ्यासमोर, समेटाच्या कारवाईत झालेला करार सगळ्या कामगारांना लागू होतो, नंतर भरती झालेल्यांनाही. बाहेर आपसात केलेला करार फक्त सही करणाऱ्या बाजूंना बांधतो. दुसरी युनियन असेल तर पहिला मार्ग धरा.

मग तारीख बघा. सह्या सप्टेंबरअखेर झाल्या आणि करार "सहीच्या दिनांकापासून" असेल, तर सहा महिन्यांचे, महिना ६,००० प्रमाणे ३६,००० रुपये गेले. "१ एप्रिलपासून" असं लिहा, फरक किती हप्त्यांत आणि कोणत्या तारखेला मिळणार तेही लिहा. मधल्या काळात निवृत्त झालेल्यांना फरक मिळेल, हे वाक्य वेगळं घाला. आमच्याकडे ते राहिलं होतं. दोन जुने कामगार हिशेब मागायला वर्षभर गेटवर येत राहिले.

पहिला वाढीव पगार झाला की सुरुवातीला ज्यांच्या पगारपावत्या घेतल्या, त्याच कामगारांच्या नव्या पावत्या मागवा आणि जुन्याशेजारी ठेवा. बेसिक, भत्ते, पीएफ, ओव्हरटाइमचा दर अशी एकेक ओळ ताडून बघा. फरकाच्या रकमेवर पीएफ भरलाय का, तेही त्याच बैठकीत विचारा.