आपलं नाव ऐकू आलं म्हणून ब्रॉडबेंट खोटा ठरत नाही

निवडक अवधानावरचे, म्हणजे अनेक आवाजांतून एकाकडेच लक्ष देण्यावरचे, माझ्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगवहीतले निष्कर्ष वाचून आता माझं डोकं फिरतं. इंदूरची मुलं असल्यामुळे उदाहरणही ठरलेलं असतं: रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस खात मैत्रिणीशी बोलत होते, मागून कुणीतरी माझं नाव घेतलं आणि मी वळले. लगेच पुढची ओळ येते, 'म्हणून ब्रॉडबेंटचा आरंभीच्या गाळणीचा सिद्धांत चूक आणि डॉइच दांपत्याचा उशिराच्या गाळणीचा बरोबर.' हे गाइडमधून उचललेलं असतं आणि त्यातली 'म्हणून' सगळ्यात कच्ची.

आधी दोघांचं म्हणणं बघा. ब्रॉडबेंटच्या मते (1958) गाळणी अर्थ लागण्याआधीच बसते. आवाज कोणत्या कानात आला, जाड की बारीक, मोठा की हळू, एवढ्यावरच ती निवड करते. अँथनी आणि डायना डॉइच (1963) म्हणतात की अर्थ सगळ्याचाच लागतो, निवड त्यानंतर महत्त्वावरून होते.

आता एक किस्सा. एका विद्यार्थिनीनं दोन कानांचा प्रयोग केला. उजव्या कानात मराठी उतारा, डाव्यात दुसरा उतारा आणि त्यात मध्येच ऐकणाऱ्याचं नाव. जवळजवळ सगळ्यांना नाव ऐकू आलं. ती आनंदानं सांगत आली, "मॅडम, उशिराची गाळणी सिद्ध झाली!" मला आकडाच खटकला. नेव्हिल मोरेच्या 1959 च्या प्रयोगात साधारण तिघांतल्या एकालाच आपलं नाव कळलं होतं. 1995 मध्ये वुड आणि कॉवन यांनी तो जास्त काटेकोरपणे केला, तेव्हाही जवळपास तेवढंच, 34.6 टक्के. मग हिच्याकडे सगळ्यांनाच कसं?

मी हेडफोन लावून ध्वनिफीत ऐकली. उतारा तिच्या वडिलांच्या आवाजात होता आणि प्रत्येकाचं नाव तिनं नंतर स्वतः, माइक तोंडाशी धरून, घातलं होतं. म्हणजे पुरुषी आवाजात अचानक बाईचा आवाज, तोही मोठा. दुर्लक्षित कानात पुरुषाच्या जागी बाई बोलू लागली तर लोकांना ते कळतं, हे कॉलिन चेरीनं 1953 मध्येच दाखवलंय. भाषा बदलल्याचं मात्र त्यांना कळलं नव्हतं. आवाजातला बदल पकडणं हे तर ब्रॉडबेंटच्या गाळणीचंच काम! बिचारीनं त्याच्या बाजूचा पुरावा गोळा करून त्यालाच हरवलं होतं.

दुसरी गोची त्याहून मोठी. तिनं लोकांना नुसतं 'उजव्या कानाकडे लक्ष द्या' असं सांगितलं होतं. उजव्या कानातला शब्दन् शब्द मागोमाग मोठ्यानं म्हणायला लावलं नाही, कारण 'लोक कंटाळतात, वेळ लागतो'. मग लक्ष डावीकडे कधी भटकलं हे कळणार कसं? मागोमाग बोलताना लक्ष सटकलं की जीभ अडखळते, शब्द गळतो. तुमच्याजवळ असलेली तेवढीच खूण असते, तीच तिनं काढून टाकली.

माझी सवय अशी: नाव त्याच आवाजात, त्याच दमात वाचून घेते. मग प्रत्येकाचं बोलणं रेकॉर्ड करून नावाच्या आधीचे चार-पाच शब्द आणि नंतरचे चार-पाच शब्द वेगळे तपासते. आधीच अडखळला असेल तर लक्ष आधीच डावीकडे गेलं होतं, तो नमुना गाळणीबद्दल काही सांगत नाही. आधी सुरळीत आणि नंतर अडखळला, तर नावानं त्याला ओढलं. सराफ्याच्या उदाहरणात ही तपासणी शक्यच नाही. तिथे डोळे-कान चौफेर फिरत असतात आणि हाक मारणाराही ओळखीच्या आवाजात, ओरडूनच मारतो.

आणि नावानं खरंच ओढलं तरी डॉइच जिंकत नाहीत. अ‍ॅन ट्रीसमनच्या मते गाळणी दुसरा आवाज बंद करत नाही, मंद करते. स्वतःच्या नावाचा उंबरठा इतका खाली असतो की मंद आवाजही तो ओलांडतो. इतर शब्द ओलांडत नाहीत. याची परीक्षा तिनं आणि गेफननं 1967 मध्ये घेतली. एका कानातलं मागोमाग बोलायचं, पण ठरलेला शब्द कोणत्याही कानात आला तरी टकटक करायची. लक्षातल्या कानातले 87 टक्के शब्द पकडले गेले, दुसऱ्यातले फक्त 8. अर्थ दोन्हीकडचा सारखाच लागत असता तर एवढी दरी पडली नसती. डॉइच यांचं यावर उत्तर होतं की मोठ्यानं म्हटलेल्या शब्दांना आपोआप जास्त महत्त्व मिळतं. पेपरात हा वाद लिहा, नुसते सिद्धांत शेजारीशेजारी मांडू नका.

बाकी किरकोळ. 'नाव येणार आहे' असं आधी सांगू नका. डावा-उजवा कान निम्म्या लोकांत अदलाबदल करा. फोनच्या सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू असेल तर दोन्ही उतारे दोन्ही कानांत मिसळून जातात, म्हणून सुरू करण्याआधी एकेक हेडफोन काढून स्वतः ऐका.