तुटलेले वाक्य मनाने पुरे करताना या चुका टाळा

कागद फाटलेला असो, संदेश अर्ध्यावर तुटलेला असो किंवा शीर्षक पडद्यावर न मावल्याने कापले गेलेले असो, हाती आलेल्या तुकड्याचा उरलेला भाग आपण मनातल्या मनात पुरा करून टाकतो. लिखित मराठीत मुख्य क्रियापद बहुधा शेवटी येत असल्याने अशा तुकड्यातून कोण, कशाबद्दल आणि का हे कळते, परंतु पुढे झाले काय हे मात्र कळत नाही. उदाहरणार्थ, हा तुकडा पाहा:

‘समितीने काल आलेला अर्ज कागदपत्रे अपुरी असल्यामुळे…’

येथे ‘फेटाळला’ असे भरण्याचा मोह होतो, कारण दिलेले कारण त्याच दिशेला नेते. मात्र अर्ज राखून ठेवलेला, परत पाठवलेला किंवा पूर्ततेसाठी मुदत देऊन स्वीकारलेलाही असू शकतो, आणि या सर्व शक्यता त्याच कारणाशी तितक्याच जुळतात.

दुसरी चूक काळाबाबत होते. ‘समितीने’मधील ‘ने’ पाहून क्रिया घडून गेली असे आपण धरतो. पण ‘समितीने अर्ज परत पाठवावा’ आणि ‘समितीने अर्ज फेटाळू नये’ या वाक्यांतही तोच ‘ने’ आहे. ‘काल’ या शब्दाचाही आधार घेता येत नाही, कारण तो ‘आलेला’ या शब्दाशी जोडलेला असू शकतो. तसे असेल, तर अर्ज काल आला एवढेच त्यातून कळते. म्हणजे हा तुकडा निर्णयाची बातमी आहे की केवळ सूचना, हेसुद्धा शेवटच्या शब्दावरच ठरते.

सर्वांत फसवी चूक क्रियापद दिसल्यानंतरची आहे. तुकडा ‘फेटाळला’पर्यंत पोहोचला, तरी त्यापुढे ‘नाही’ असू शकते, ‘असता’ असू शकते किंवा ‘असे अर्जदाराचे म्हणणे आहे’ असू शकते. पहिल्या दोन शेवटांनी घटना घडलेलीच नाही असे ठरते आणि तिसऱ्याने ती केवळ एका पक्षाचा दावा उरते. शब्दच ‘फेटाळल्या…’ असा तुटला असेल, तर तो ‘फेटाळल्यावर’ आहे की ‘फेटाळल्यास’, म्हणजे फेटाळणे धरून चालले आहे की ते केवळ संभाव्य आहे, हे न दिसलेल्या अक्षरांवर अवलंबून राहते. म्हणून पूर्णविराम दिसेपर्यंत वाक्य संपले असे मानू नये.

अंदाजाला खरा आधार देणारे शब्दही असतात. ‘मुळीच’ आले असेल, तर पुढे नकार येण्याची शक्यता फार मोठी असते, आणि ‘जर’ आले असेल, तर पहिले क्रियापद अटीचे असते. मात्र असे शब्द वाक्याचा रोख सांगतात, क्रिया कोणती ते सांगत नाहीत.

तुकडा उतरवून घेताना तुटल्या जागी तीन टिंबे द्यावीत आणि स्वतःची भर चौकटी कंसात वेगळी ठेवावी. आपलाच मजकूर कापला जाण्याची शक्यता असेल, तर निकाल आधी लिहून कारण पुढच्या वाक्यात द्यावे: ‘समितीने अर्ज परत पाठवला. कागदपत्रे अपुरी होती.’