रेनकव्हर आत शिरताच काढा

पावसात बाबागाडीवर चढवलेलं प्लास्टिकचं कव्हर पाणी अडवतं, तशी बाळाच्या अंगाची ऊबही आत कोंडून ठेवतं. बाहेर थंड वारा असेपर्यंत फारसं बिघडत नाही. खरी गडबड होते ती दुकानात किंवा बसमध्ये शिरल्यावर. बाळ झोपलंय, उठेल म्हणून आपण कव्हर तसंच ठेवतो आणि आतली हवा बघता बघता तापते. म्हणून आत शिरताच आधी कव्हर पूर्ण काढा, मग फुटमफची, म्हणजे बाबागाडीत बाळाला ज्यात बसवतो त्या उबदार पिशवीची, चेन पायापर्यंत उघडा आणि टोपी काढा. बाळ उठलं तर उठू द्या.

गरम होतंय का, हे हातापायांवरून कळत नाही. ते एरवीही गारच लागतात. दोन बोटं मानेमागून कपड्यात सरकवा. तिथे घाम किंवा चिकट ओल लागली, तर एक थर लगेच कमी करा.

फुटमफ हाच एक जाड थर धरा. त्याच्या आत सुती बनियन, पूर्ण बाह्यांचा कपडा आणि पातळ स्वेटर बहुतेक वेळा पुरतो. जाड जॅकेट नकोच: ते सहज काढता येत नाही आणि त्यावरून पट्टा आवळला तरी आत सैल राहतो. पट्टे फुटमफच्या खाचांतून ओढून थेट बाळाच्या अंगावर लावा.

कव्हरची हवेची भोकं चादरीने झाकू नका. ऊन पडलं की कव्हर बाहेरही काढायचंच, गारठा असला तरी.